‘बेस्ट इन इंडस्ट्री’ म्हणजे नेमके किती?

“तातडीने भरती! टेस्ट इंजिनिअर, अनुभव 5 ते 8 वर्षं. पगार: बेस्ट इन इंडस्ट्री. लोकेशन: पुणे / पॅन इंडिया. हायब्रिड. इमिजिएट जॉइनर्सना प्राधान्य. सीव्ही डीएम करा.”

नोकरी शोधणाऱ्याच्या मोबाइलवर दिवसभर अशाच पोस्ट येत असतात. कंपनीला काय हवंय ते यात बारकाईने लिहिलेलं असतं. उमेदवाराला काय मिळणार, याबद्दल मात्र तीन शब्दप्रयोग आहेत आणि तिन्ही पोकळ. ‘बेस्ट इन इंडस्ट्री’ हा आकडा नाही, ‘पॅन इंडिया’ हा पत्ता नाही आणि ‘हायब्रिड’ म्हणजे आठवड्यातला एक दिवसही असू शकतो, चारही असू शकतात. तरीही लोक मुकाट्याने सीव्ही पाठवतात. मग तीन फोन होतात, दोन इंटरव्ह्यू होतात, त्यासाठी कुठे खोटं कारण सांगून अर्ध्या दिवसाची रजा काढली जाते, आणि शेवटच्या फोनवर कळतं की बजेट आपल्या आत्ताच्या पगाराहूनही कमी होतं.

हे टाळायला एक छोटा मेसेज पुरतो. पण तो कसा लिहायचा हे कळायला समोरची व्यक्ती पोट कशावर भरते, हे आधी बघायला हवं.

आपण सगळ्यांनाच ‘एचआर’ म्हणतो, पण अशा पोस्ट टाकणारे लोक साधारण तीन जातीचे असतात. पहिला म्हणजे कंपनीच्याच पगारावर असलेला भरती अधिकारी. दुसरा म्हणजे कन्सल्टन्सीतला माणूस. कन्सल्टन्सी कंपनीला कायम नोकरीसाठी उमेदवार मिळवून देते आणि तो रुजू झाल्यावर कंपनीकडून फी घेते. आपल्याकडे या फीचा रुळलेला दर वार्षिक पॅकेजच्या 8.33 टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याच्या पगाराएवढा. दर वर-खाली होतो, पण हिशोबाची रीत तीच. आणि तिसरा म्हणजे कंत्राटी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस. इथे तुम्ही नोकर या पुरवठादार कंपनीचे आणि काम करायचं तिच्या क्लायंटकडे. क्लायंट तुमच्यासाठी महिन्याला एक ठरावीक रक्कम देतो, त्यातून तुमचा पगार वजा जाऊन जे उरतं ते पुरवठादाराचं.

हा फरक कळला की बऱ्याच गोष्टी उलगडतात. कन्सल्टन्सीवाल्याला तुमचा पगार जास्त झाला तर फीही जास्त मिळते, त्यामुळे पगाराच्या बाबतीत तो निदान तुमच्या विरोधात नसतो. त्याची घाई वेगळी असते. हीच जागा भरायला आणखी तीन-चार कन्सल्टन्सी लागलेल्या असतात, आणि ज्याचा उमेदवार रुजू होईल त्यालाच पैसे. कंत्राटी पुरवठादाराचं मात्र नेमकं उलटं. तुम्हाला जितकं कमी, तितकं त्याला जास्त. म्हणून ‘तुमची अपेक्षा किती?’ हा प्रश्न दोघांच्याही तोंडी एकच असला तरी त्यामागचं गणित एक नाही.

पोस्टमध्ये माहिती का नसते, याचंही उत्तर इथेच आहे. कन्सल्टन्सी कंपनीचं नाव लपवते, कारण ते कळलं तर उमेदवार थेट कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन अर्ज करेल आणि फी बुडेल. कंपनी आकडा लपवते, कारण त्याच कामावर कमी पगारात बसलेले तिचे जुने कर्मचारीही लिंक्डइन वाचतात. ठिकाण लिहीत नाहीत ते कधी कधी खरोखरच ठरलेलं नसतं म्हणून. क्लायंटशी करार व्हायचा असतो आणि तो झाला की माणसं हाताशी हवीत, एवढ्यासाठी आधीच सीव्ही गोळा केले जातात. म्हणजे जागाच नसते, जागेची शक्यता असते. आणि कधी कधी कारण अगदीच साधं असतं: पोस्ट टाकणारी मुलगी स्वतः सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली असते, तिला वरून जेवढं मिळालं तेवढं तिने चिकटवलं. लपवाछपवी आणि निव्वळ ढिसाळपणा बाहेरून सारखेच दिसतात. विचारल्याशिवाय फरक कळत नाही.

आता मेसेज. उदाहरणासाठी साताऱ्यात राहणारी एक सॉफ्टवेअर टेस्टर घेऊ. कोविडच्या काळात घरून काम सुरू झालं तेव्हा ती पुण्याची खोली सोडून गावी आली, पुढे लग्न झालं, नवऱ्याची नोकरी साताऱ्यातच. आत्ताची कंपनी आता रोज ऑफिसला बोलावते आहे, म्हणून तिला बदल हवाय. वरची पोस्ट तिने पाहिली. पोस्ट टाकणाऱ्या बाईंना ती असं लिहू शकते:

“नमस्कार मॅडम, टेस्ट इंजिनिअरच्या (5 ते 8 वर्षं) तुमच्या पोस्टबद्दल लिहितेय. माझा अनुभव 6 वर्षं, त्यात 3 वर्षं सेलेनियम-जावावर ऑटोमेशन. नोटीस 60 दिवस. सीव्ही पाठवण्याआधी तीन गोष्टी कळतील का?
1. या पोझिशनचं बजेट काय आहे आणि त्यात फिक्स्ड किती?
2. ऑफिस पुण्यात नेमकं कुठे: हिंजवडी, खराडी की क्लायंटकडे?
3. हायब्रिड म्हणजे आठवड्याला ऑफिसचे किती दिवस, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून येतं का?
जुळत असेल तर आजच सीव्ही पाठवते.”

मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, समोरच्याला बघून ठरवा, मजकूर हाच. यात सुरुवातीच्या दोन ओळी सौजन्यासाठी नाहीत. भरती करणारा माणूस एकाच वेळी अनेक पोझिशनवर काम करत असतो, त्यामुळे ‘तुमच्या पोस्टबद्दल’ एवढंच लिहिलं तर कुठल्या, हे शोधायला तो थांबत नाही, पुढच्या मेसेजकडे जातो. पदाचं नाव, अनुभव, मुख्य कौशल्य आणि नोटीस पिरियड एवढं दिसलं की ‘ही बसू शकते’ हे त्याला पाच सेकंदांत कळतं, आणि बसू शकणाऱ्या उमेदवाराला उत्तर द्यावंसं वाटतं. नोटीस 90 दिवसांची असेल तर तीही लपवू नये. ‘इमिजिएट जॉइनर’ हवा असताना तीन महिने थांबणार नसतील, तर तुमचाही वेळ वाचला.

प्रश्न तीनच आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर एका आकड्यात किंवा एका नावात देता येतं. ‘कामाचं वातावरण कसं आहे?’, ‘वाढीची संधी काय?’, ‘जरा सविस्तर माहिती द्याल का?’ असे प्रश्न पहिल्या मेसेजमध्ये कामाचे नाहीत. सविस्तर माहिती मागितली की जेडी, म्हणजे कामाच्या वर्णनाची दोन पानी फाइल येते, आणि तिच्यात या तीन गोष्टी नसतातच. लिंक्डइनवर ओळख नसलेल्या माणसाला विनंतीसोबत पाठवायच्या चिठ्ठीला तर जेमतेम काहीशे अक्षरांची जागा असते. तिथे तीनही प्रश्न मावत नसतील तर पहिला ठेवा, बाकीचे विनंती स्वीकारल्यावर.

पहिल्या प्रश्नात ‘पगार किती?’ असं न विचारता ‘बजेट काय आणि त्यात फिक्स्ड किती?’ असं का विचारायचं? बजेट हा त्यांच्याच धंद्यातला शब्द आहे. प्रत्येक पोझिशनला वरून एक कमाल रक्कम मंजूर झालेली असते, ती भरती करणाऱ्याला माहीत असते आणि तिला तो बजेटच म्हणतो. ‘पगार किती?’ला ‘ते तुमच्यावर अवलंबून’ असं उत्तर सहज देता येतं. ‘बजेट काय?’ला टाळायचं तर उघड टाळावं लागतं.

आणि फिक्स्ड का, ते एका हिशोबाने बघू. समजा उत्तर आलं, 12 लाख. साध्या भागाकाराने महिन्याला एक लाख होतात आणि बहुतेक लोक मनात तेवढेच धरतात. पण हे 12 लाख म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यासाठी येणारा एकूण खर्च. त्यात 10 टक्के, म्हणजे 1,20,000 रुपये व्हेरिएबल असेल, तर ते वर्षाच्या शेवटी, कंपनीचा आणि तुमचा निकाल बघून, पूर्ण किंवा अर्धे मिळणार. मूळ वेतन महिना 50,000 धरलं तर कंपनीने भरायचा 12 टक्के भविष्य निर्वाह निधी वर्षाला 72,000, तोही सीटीसीतच. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या 4.81 टक्क्यांनी 28,860. कायम कर्मचाऱ्याला ही रक्कम साधारणपणे पाच वर्षं टिकल्यावरच मिळते, पण सीटीसीत ती पहिल्या दिवसापासून मोजलेली असते. आरोग्य विम्याचा हप्ता 15,000 धरू. हे सगळं वजा केलं की उरतात 9,64,140, महिन्याला 80,345. त्यातून तुमच्या वाट्याचा निर्वाह निधी 6,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 गेला. आयकर इथे येत नाही, कारण 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराचं 12 लाख 75 हजारांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं आहे. बँकेत जमा होतात 74,145 रुपये.

निर्वाह निधीचे पैसे तुमचेच आहेत, ते बुडत नाहीत, हे खरं. पण साताऱ्याहून पुण्याला जाण्याचा खर्च त्यातून निघत नाही. आता याच 12 लाखांत व्हेरिएबल 20 टक्के असेल तर हातात येतात 64,145. सीटीसी तोच, पद तेच, आणि महिन्याला दहा हजारांचा फरक. म्हणून आकडा विचारताना त्यातला पक्का भाग किती, हे त्याच वाक्यात विचारायचं. जॉइनिंग बोनसही काही वेळा सीटीसीत मिसळून दाखवतात. तो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडलंत तर बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागतो. पण तो प्रश्न ऑफर हातात येईल तेव्हाचा, पहिल्या मेसेजमध्ये कोंबू नये.

‘अप टू 14 लाख’ असं उत्तर आलं तर त्यातला ‘अप टू’ नीट वाचावा. तो आकडा आठ वर्षांच्या अनुभवासाठी असतो. सहा वर्षांवाल्याला तो मिळेलच असं नाही, किंबहुना बहुधा नाहीच. ‘6 वर्षांना साधारण कितीपर्यंत जातं?’ एवढं विचारलं की खरी रक्कम येते.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. पोस्टमध्ये पुणे लिहिलंय, मग आणखी काय विचारायचं, असं पुण्याबाहेरच्या माणसाला वाटेल. हिंजवडी शहराच्या पश्चिमेला आणि खराडी पूर्वेला, आणि मध्ये अख्खं पुणे. हिंजवडीतसुद्धा फेज एक आणि फेज तीन यांच्यात संध्याकाळी सहा वाजता किती अंतर असतं, ते तिथल्या माणसालाच विचारावं. साताऱ्याहून येणाऱ्या आपल्या टेस्टरला तर हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. महामार्गाने साधारण 110 किलोमीटर. हिंजवडी असेल तर बाह्यवळण रस्त्याने नवले पूल, चांदणी चौक, वाकड करत थेट जाता येतं. खराडी असेल तर एसटीने स्वारगेट, तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून रामवाडी, आणि पुढे रिक्षा. दोन्ही ‘पुणे’च. मुंबईकडच्या लोकांना हे सांगायला नको. ‘लोकेशन मुंबई’ म्हणजे ऐरोली की मालाड, यावर घर भाड्याने कुठे घ्यायचं ते ठरतं.

‘पॅन इंडिया’चा अर्थ मात्र वेगळा काढायला हवा. काही वेळा कंपनीची ऑफिसं खरंच अनेक शहरांत असतात आणि उमेदवाराला निवड असते. पण बऱ्याचदा अर्थ असा की प्रोजेक्ट जिथे असेल तिथे जावं लागेल, आज पुणे, सहा महिन्यांनी चेन्नई. म्हणून प्रश्नात ‘क्लायंटकडे’ हा पर्याय मुद्दाम टाकलाय. त्याला ‘हो, क्लायंट लोकेशन’ असं उत्तर आलं की समोरचा त्या तिसऱ्या जातीचा, कंत्राटी पुरवठादार असण्याची शक्यता वाढते. मग पगाराचा आकडाही त्या नजरेने बघायचा.

तिसरा प्रश्न घरून कामाचा. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लाखो लोक एका आठवड्यात घरून कामाला लागले, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत कंपन्यांनी त्यांना टप्प्याटप्प्याने परत बोलावलं. या ओढाताणीतून ‘हायब्रिड’ हा शब्द रूढ झाला आणि तो इतका ताणला गेलाय की आता त्यात काहीही बसतं. एका ठिकाणी हायब्रिड म्हणजे महिन्यातून चार दिवस, दुसऱ्या ठिकाणी आठवड्यातून चार. काही ठिकाणी दिवस ठरलेले, मंगळवार ते गुरुवार, म्हणजे बाहेरगावच्या माणसाला दोन रात्री मुक्काम करून जमवता येतं. काही ठिकाणी दिवस मॅनेजर आदल्या रात्री कळवतो. साताऱ्याहून येणाऱ्याला हे दोन प्रकार म्हणजे दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

‘रिमोट’ या शब्दातही दोन चोरकप्पे असतात. एक, ‘सध्या रिमोट’. यातलं ‘सध्या’ किती दिवसांचं हे कुणी सांगत नाही. ऑफिसची जागा मिळाली की दोन आठवड्यांची मुदत देऊन बोलावतात. दुसरा, वेळेचा. काम घरून, पण अमेरिकेतल्या टीमबरोबर, म्हणजे दुपारी दोन ते रात्री अकरा किंवा त्याहून उशिरा. पोस्टमध्ये अमेरिकन क्लायंटचा उल्लेख असेल तर तिसऱ्या प्रश्नाला ‘शिफ्ट किती ते किती?’ एवढं जोडावं.

ऑफर लेटरचा उल्लेख याच प्रश्नात का? कारण भरती करणाऱ्याने फोनवर दिलेलं ‘आठवड्याला दोनच दिवस’ हे आश्वासन मॅनेजरला बांधील नसतं. बहुतेक नेमणूक पत्रांत एक छापील कलम असतंच, की कंपनी तुमची बदली देशात कुठेही करू शकते. त्या कलमापुढे तोंडी हायब्रिड टिकत नाही. लेखी देऊ शकत नाही म्हणाले तर तेही प्रामाणिक उत्तरच आहे. त्यावरून तुम्हाला कळलं की हे घरून काम धोरणाचं नाही, मर्जीचं आहे. मोठ्या कंपन्या पत्रात दिवस लिहीत नाहीत, पण एचआरच्या ईमेलवर धोरण कळवतात. तो ईमेल जपून ठेवावा.

आता उत्तरं. ‘आधी सीव्ही पाठवा, मग बोलू’ हे सर्वांत जास्त येणारं. यात नेहमीच लबाडी असते असं नाही. तुम्ही खरंच सहा वर्षांच्या अनुभवाचे आहात का, हे बघायचा त्याला हक्क आहे. पण कन्सल्टन्सीला सीव्ही देण्याआधी एक गोष्ट जरूर विचारावी, ‘कोणत्या कंपनीसाठी? आणि पेरोल कोणाचा?’ कारण एकाच उमेदवाराचा सीव्ही दोन कन्सल्टन्सींकडून एकाच कंपनीत गेला तर तिच्या यंत्रणेत तो ‘डुप्लिकेट’ दिसतो. मग फी कोणाची, यावरून दोघांत भांडण नको म्हणून काही कंपन्या तो उमेदवारच बाजूला ठेवतात. दोन सीव्ही गेल्याची उमेदवाराला खबरही नसते. म्हणून ‘माझा सीव्ही मला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका’ हे वाक्य सीव्हीसोबतच लिहावं. चांगल्या कन्सल्टन्सी स्वतःहून ईमेलवर तुमची संमती घेतात.

दुसरं ठरलेलं उत्तर: ‘तुमचा करंट सीटीसी सांगा, त्यावर हाइक देऊ.’ आपल्याकडे आत्ताच्या पगारावर वीस-तीस टक्के वाढवून देण्याची पद्धत एवढी मुरलीय की कामाची किंमत काय, हा प्रश्नच मागे पडतो. आत्ताचा पगार खोटा सांगू नये. रुजू होताना पगाराच्या पावत्या मागतात आणि तिथे गणित फसतं. पण पहिल्याच मेसेजमध्ये तो सांगायची सक्तीही नाही. ‘बजेट 12 ते 14 च्या दरम्यान असेल तर पुढे बोलू, सगळी कागदपत्रं दाखवते’ असं म्हणता येतं. आकडा आपण आधी बोललो तर चर्चा त्याच्याभोवतीच फिरते, हे खरं. तरी दोनदा विचारूनही समोरून काही येत नसेल तर आपला खालचा आकडा सांगून मोकळं व्हावं. त्याहून कमी बजेट असेल तर विषय तिथेच संपतो, आणि तो संपणंच बरं.

‘अ‍ॅज पर कंपनी नॉर्म्स’ या उत्तराचा अर्थ मात्र बहुतेक वेळा एकच असतो: सांगणाऱ्याला माहीत नाही किंवा सांगण्यासारखं नाही. पुन्हा एकदा विचारावं आणि सोडून द्यावं.

काही देशांत हा सगळा खटाटोप कायद्यानेच कमी केलाय. अमेरिकेत कोलोराडो राज्याने 1 जानेवारी 2021 पासून जाहिरातीत पगाराची कक्षा लिहिणं सक्तीचं केलं, न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर 2022 मध्ये, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी 2023 च्या सुरुवातीला. कोलोराडोचा नियम आल्यावर काही कंपन्यांनी आपल्या रिमोट जागांच्या जाहिरातींत चक्क ‘कोलोराडोतल्या रहिवाशांनी अर्ज करू नये’ असं लिहिलं. पगार सांगण्यापेक्षा एक राज्य सोडणं त्यांना परवडलं. न्यूयॉर्कमध्ये काहींनी कक्षा इतकी रुंद लिहिली की तिचा उपयोग होऊ नये. युरोपीय संघाने 2023 मध्ये काढलेल्या निर्देशानुसार सदस्य देशांनी 7 जून 2026 पर्यंत असे कायदे करायचे होते, की उमेदवाराला पगाराची माहिती आधी मिळावी आणि आधीच्या नोकरीत किती मिळत होतं हे त्याला विचारता येऊ नये. ‘करंट सीटीसी?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न तिथे बेकायदा ठरतो. आपल्याकडे खासगी नोकरीच्या जाहिरातीत पगार लिहिण्याची अशी सर्वसाधारण सक्ती नाही. म्हणून मेसेज.

हे तीन प्रश्न आणखी एका कामाला येतात. फसवणुकीच्या पोस्टही अशाच कोऱ्या असतात. पण तिथे प्रश्न विचारले की उत्तर झटपट आणि गोड येतं: पगार तुम्ही म्हणाल तो, काम पूर्ण घरून, इंटरव्ह्यू चॅटवरच. ऑफिसचा पत्ता विचारला की मात्र गाडी अडखळते. खरा भरती करणारा पगार सांगायला कां-कूं करतो आणि पत्ता लगेच देतो; खोट्याचं नेमकं उलटं. यापुढे नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे पैसे असं काही मागितलं की तिथेच थांबायचं. वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारांत पैसे कंपनी देते, उमेदवार नाही. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

साताऱ्याच्या आपल्या टेस्टरला समजा संध्याकाळी उत्तर आलं: “हाय, बजेट अप टू 14, व्हेरिएबल 10 टक्के. ऑफिस खराडी. आठवड्याला 3 दिवस कंपल्सरी. प्लीज शेअर सीव्ही.” तीनपैकी दोन उत्तरं पूर्ण, पहिलं अर्धं, आणि ऑफर लेटरवर मौन. तिने हिशोब केला. सहा वर्षांना 12 मिळाले तर हातात साधारण 74 हजार. तीन दिवस सलग असतील तर सोमवारी पहाटेची एसटी, दोन रात्री खराडीजवळ पेइंग गेस्ट म्हणून मुक्काम, बुधवारी रात्री घरी. दिवस सुटे असतील तर आठवड्याला तीन फेऱ्या, साडेसहाशे किलोमीटरच्या वर, आणि ते होणं नाही. म्हणजे तिचा निर्णय पगारावर अडलेला नाही, दिवस सलग की सुटे यावर अडलाय. तिने लिहिलं:

“थँक यू मॅडम. दोनच गोष्टी: 6 वर्षांना साधारण कितीपर्यंत जातं, आणि ऑफिसचे 3 दिवस सलग ठरलेले असतात की बदलतात? कंपनीचं नाव आणि पेरोल कोणाचा ते कळलं की सीव्ही पाठवते. मला विचारल्याशिवाय तो पुढे पाठवू नका, ही विनंती.”

दुसऱ्या दिवशी फोन आला. कायम नोकरी, पेरोल कंपनीचाच, बारापर्यंत नक्की जाईल. दिवसांचं मात्र बाईंनाही माहीत नव्हतं. “थांबा हं, मॅनेजरला विचारून सांगते,” त्या म्हणाल्या, “हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”